आधी पांदण, मग सामान: नव्या फ्लॅटचा नकाशा वाचून घर कसं लावायचं

गेल्या उन्हाळ्यात माझी ताई वरूडजवळच्या गावातलं घर सोडून तालुक्याच्या ठिकाणी दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला आली. गावचं घर म्हणजे ओसरी, माजघर, मागे अंगण आणि अंगणात लिंब. तिथे सामान ठेवायला जागा शोधावी लागत नाही, जागेला सामान शोधावं लागतं. फ्लॅटची गोष्ट उलटी. भाऊजींनी बिल्डरकडून आलेलं रंगीत पत्रक माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, "पाहा, सोफा, टेबल, पलंग सगळं बसून राहिलं यात." मी नकाशे काढण्याचंच काम करतो, म्हणून त्यांना पहिल्यांदा एवढंच सांगितलं की त्या पत्रकातला पलंग तुमचा नाही. चित्रातलं सामान जागा मोठी दिसावी म्हणून लहान काढलेलं असू शकतं. पाहायचे ते खोलीत लिहिलेले आकडे.

ताईचं घर लावताना जे केलं, ते इथे क्रमाने सांगतो. घर दोन खोल्यांचं असो की तीन, पद्धत हीच राहते.

कोणता नकाशा घ्यायचा

रंगीत पत्रकाऐवजी नगर परिषदेने मंजूर केलेल्या नकाशाची प्रत मागा. प्रकल्प महारेरात नोंदलेला असेल तर मंजूर आराखडे तिथेही पाहता येतात. पण जागा ५०० चौरस मीटरपर्यंत असेल किंवा फ्लॅट आठपर्यंतच असतील तर ही नोंदणी बंधनकारक नाही. आपल्या तालुक्याच्या गावांत अशा लहान इमारती बऱ्याच असतात, म्हणून बिल्डरकडूनच प्रत घ्यावी लागते.

या नकाशावर मापं बहुधा मीटरमध्ये असतात. हॉलमध्ये ४.५७ × ३.०५ लिहिलेलं असेल तर दोन्ही आकड्यांना ३.२८ ने गुणा, १५ फूट बाय १० फूट निघेल. नकाशावर पट्टी ठेवून मात्र काहीच मोजू नका. झेरॉक्स काढताना किंवा मोबाइलवरून प्रिंट घेताना कागदावरचं प्रमाण बदलतं, लिहिलेला आकडा बदलत नाही.

आणखी एक गोष्ट फसवते. रेराच्या व्याख्येतल्या चटई क्षेत्रात आतल्या पार्टिशन भिंतींची जागा धरलेली असते, बाल्कनी धरलेली नसते. त्यामुळे एकूण चटई क्षेत्राच्या आकड्यावरून सामान बसेल की नाही हे ठरत नाही. खोलीखोलीची लांबी-रुंदीच पाहावी लागते.

खुणा वाचताना

नकाशा म्हणजे घर साधारण चार फुटांवर आडवं कापून वरून पाहिलेलं चित्र. म्हणून खिडक्या दिसतात, पण खिडकीखालची भिंत किती उंच आहे ते कळत नाही. ती बहुतेक तीन फूट असते. सोफ्याची पाठ त्याखाली बसते, आलमारी बसत नाही. तुटक रेषा म्हणजे डोक्यावरची वस्तू, म्हणजे बीम किंवा माळा. भिंतीतले गडद भरलेले चौकोन म्हणजे कॉलम. नऊ इंची कॉलम साडेचार इंची भिंतीत असला तर तो कुठल्या तरी बाजूने साडेचार इंच बाहेर येतोच. आलमारी ज्या कोपऱ्यात ठेवायचं ठरवलेलं असतं, नेमका त्याच कोपऱ्यात तो निघतो.

दाराजवळची पाव वर्तुळाची रेषा सगळ्यांत कामाची. दाराची फळी उघडताना जेवढी जमीन झाडते तेवढी ती रेषा दाखवते. त्या पाव वर्तुळात चपलांचं कपाटसुद्धा ठेवता येत नाही. दारावर डी, डी-१, डी-२ अशा खुणा असतात आणि बाजूच्या तक्त्यात त्यांची मापं दिलेली असतात. ते माप बहुधा चौकटीसकट असतं. अडीच फुटांचं बाथरूमचं दार म्हणजे तीस इंच. त्यातून दोन्ही बाजूंची अडीच-अडीच इंचांची चौकट गेली की उरले पंचवीस. उघडलेली फळीही आपल्या जाडीचा सव्वा इंच खाते. राहिले पावणेचोवीस. ताईच्या सासूबाई, म्हणजे आमच्या मावशी, गुडघ्याच्या ऑपरेशननंतर वॉकर घेऊन चालतात. त्यांचा वॉकर मी मोजला, तो बावीस इंचांचा निघाला. जेमतेम जातो. हा आकडा सामान हलवण्याच्या आधी कळला म्हणून बरं. वॉकर मोठा असता तर दाराचाच विचार आधी करावा लागला असता.

उत्तरेचा बाण शोधायला विसरू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकतो आणि पश्चिमेची भिंत रात्रीपर्यंत तापलेली राहते. तिला पलंग लावला तर झोप येणार नाही. आलमारी लावली तर तीच उन्हाची आड होते.

आता खरी गोष्ट: वाटा

शेत विकत घेताना आपण काय पाहतो? आधी पांदण. बैलबंडी आत कशी जाईल ते ठरल्याशिवाय कुठल्या तुकड्यात कापूस आणि कुठल्या तुकड्यात तूर हे कोणी ठरवत नाही. फ्लॅटचा हॉल मी तसाच पाहतो. हॉल ही बसायची खोली वाटते, पण नकाशावर ती चार दारांच्या मधली चौफुली असते. लोक आधी सोफा ठेवतात आणि उरलेल्या फटीतून चालतात. तुम्ही आधी वाटा काढा. सामान उरलेल्या जागेत बसवा.

ताईचा हॉल पूर्व-पश्चिम १५ फूट, उत्तर-दक्षिण १० फूट. मुख्य दार पूर्वेच्या भिंतीत, दक्षिण कोपऱ्याला. स्वयंपाकघराची मोकळी कमान दक्षिणेच्या भिंतीत, पण पश्चिम टोकाला. बेडरूमकडे जाणारा पॅसेज पश्चिमेच्या भिंतीत, उत्तर कोपऱ्याला. बाल्कनीचं दार उत्तरेच्या भिंतीत, पूर्व टोकाला. बाल्कनी उत्तरेला हॉलच्या पूर्ण लांबीइतकी, आणि उत्तर भिंतीच्या मध्यभागी बाल्कनीत उघडणारी पाच फुटांची खिडकी.

आलेख कागद घ्या आणि १ सेंटिमीटर म्हणजे १ फूट धरून खोली काढा. पहिले भिंती, मग दारं, मग दारांची पाव वर्तुळं. आता पेन्सिल मुख्य दारावर ठेवा आणि घरातली माणसं दिवसभर कुठून कुठे जातात ते आठवा. दूधवाला आला की मुख्य दार ते स्वयंपाकघर. पाहुणे आले की स्वयंपाकघर ते सोफा. रात्री स्वयंपाकघर ते बेडरूम. कपडे वाळत घालायचे तर पॅसेजमधून बाल्कनी. ताईच्या घरी मुख्य दारातून पॅसेजकडची सरळ रेघ काढली तर ती हॉलच्या मधोमध तिरपी गेली. तिरप्या वाटेने हॉलचे दोन त्रिकोण होतात आणि त्रिकोणात सोफा बसत नाही. म्हणून ती वाट मी मोडली. आधी दक्षिण भिंतीला लागून स्वयंपाकघरापर्यंत, तिथून पश्चिम भिंतीला लागून पॅसेजपर्यंत. दोनेक पावलं जास्त पडतात, पण एकाच वाटेत तीन कामं होतात. बाल्कनीसाठी पूर्व भिंतीला लागून तिसरा पट्टा सोडला.

रुंदी किती ठेवायची? मुख्य वाट तीन फूट, म्हणजे पाण्याची घागर घेतलेला माणूस आणि समोरून येणारं पोर दोघंही निघतील. वॉकरवाल्या माणसासाठीही तीन फूटच, आणि वळणावर त्याहून जास्त. पलंगाच्या ज्या बाजूने रोज उतरायचं तिथे दोन फूट. सोफा आणि टीपॉयच्या मधे सव्वा ते दीड फूट, कारण तिथून फक्त पाय सरकतात. आलमारीपुढे तीन फूट, कारण दीड फूट तिचं दार उघडायला लागतं आणि दीड फूट उभ्या माणसाला.

आता हिशेब पाहा. पंधरातून पूर्वेचे तीन आणि पश्चिमेचे तीन गेले, उरले नऊ. दहातून दक्षिणेचे तीन गेले, उरले सात. दीडशे चौरस फुटांच्या हॉलमध्ये सामानाला उत्तर भिंतीला लागून नऊ बाय सातचा एकच तुकडा राहिला, त्रेसष्ट चौरस फुटांचा. भाऊजी हे पाहून गप्प झाले. पण हॉल आहेच तेवढा. उरलेली जागा चालण्यात जाते, आपण ती मान्य केली नाही तर रोज गुडघे आपटून द्यावी लागते.

सामानाचे तुकडे

गावच्या घरी जाऊन एकेका वस्तूची लांबी, रुंदी आणि उंची टेपने घ्या. दुकानदाराने सांगितलेलं गादीचं माप धरू नका. सहा बाय साडेसहाच्या डबलबेडची चौकट ताईकडे सहा फूट चार इंच बाय सहा फूट दहा इंच निघाली. लोखंडी आलमारी ७८ इंच उंच, ३६ रुंद, १९ खोल. मग जुन्या लग्नपत्रिका घ्या, त्यांचा कागद जाड असतो, आणि त्याच प्रमाणात प्रत्येक वस्तूचा तुकडा कापून वर नाव लिहा. आलमारीच्या तुकड्याला तिच्या उघड्या दाराची दीड फुटांची पट्टीही जोडून कापा. दार उघडं धरून तुकडा बसला तरच आलमारी बसली म्हणायचं.

ताईकडे हॉलसाठी होतं ते असं: तीन जणांचा सोफा, साडेसहा फूट बाय दोन फूट आठ इंच, तशाच खोलीच्या दोन खुर्च्या, साडेतीन बाय दोनचा टीपॉय, सहा बाय तीनचा दिवाण, आणि भाऊजींची सागवानी बंगई. सगळे तुकडे त्या त्रेसष्ट चौरस फुटांत ठेवून पाहिले. सोफा खिडकीखाली उत्तर भिंतीला, त्याच्यापुढे सोळा इंच सोडून टीपॉय, पश्चिम कडेला पूर्वेकडे तोंड करून एक खुर्ची. एवढंच बसलं. दिवाण ठेवला की टीपॉय वाटेत येत होता, दुसरी खुर्ची ठेवली की बाल्कनीची वाट बंद. दिवाण मावशींच्या खोलीत झोपायला ठरला, दुसरी खुर्ची तिथेच त्यांच्या उशाशी. टीव्ही दक्षिण भिंतीवर टांगायचा ठरला, खाली कपाट नाही, कारण तिथून पांदण जाते.

बंगईचं मात्र जमलं नाही. तिला पुढे-मागे झुलायला जागा लागते, बाल्कनी चारच फुटांची, आणि छताच्या स्लॅबमध्ये कडी मारायची तर बांधणाऱ्या इंजिनियरला विचारल्याशिवाय मारू नये. ती गावच्या ओसरीतच राहिली. भाऊजी अजून सुट्टीच्या दिवशी तिकडे जाऊन बसतात.

बेडरूमचं गणित

बेडरूम पूर्व-पश्चिम ११ फूट, उत्तर-दक्षिण १० फूट, दार उत्तरेला. ताईला डोकं दक्षिणेकडे हवं होतं, म्हणून पलंग दक्षिण भिंतीला. दहा फुटांतून पलंगाची सहा फूट दहा इंच लांबी गेली, पायाकडे तीन फूट दोन इंच राहिले. ताई म्हणाली, "आलमारी पायाकडे ठेवू ना, भिंत रिकामीच आहे." ठेवून पाहिली. एकोणीस इंच आलमारीचे गेल्यावर एकोणीसच राहिले. दार अठरा इंचांचं, ते उघडेल, पण उघडणारा माणूस पलंगावर बसून कपडे काढणार. मग आलमारी पश्चिम भिंतीला नेली. अकरा फुटांतून पलंगाची सहा फूट चार इंच रुंदी गेली, उरले चार फूट आठ इंच. पलंग पूर्व भिंतीला टेकवला तर आलमारीपुढे तीन फूट एक इंच मोकळे राहतात. पलंगाच्या दोन्ही बाजूंना जागा सोडायचा हट्ट धरला असता तर आलमारी कधीच पूर्ण उघडली नसती. आत झोपणाऱ्याला रात्री पायाकडून उतरावं लागतं, हा या मांडणीचा तोटा आहे आणि तो आधीच सांगून ठेवलेला बरा. फायदा असा की तापणारी भिंत आलमारीच्या मागे गेली.

कूलरलाही वाट लागते

हे शहरातल्या लेखांत सापडत नाही, पण आपल्याकडे कूलर नीट बसला नाही तर घर लावलंच नाही असं समजा. कूलरने बाहेरची कोरडी हवा आत घ्यावी आणि आतली दमट हवा दुसरीकडून बाहेर जावी. कूलर बंद खोलीत ठेवला की तासाभरात चिकचिक होते. म्हणून तो बाल्कनीत, खिडकीच्या बाहेर, स्टँडवर. सरकती खिडकी पाच फुटांची असली तरी एका वेळी अर्धीच उघडते, अडीच फूट. कूलरचं तोंड त्यात बसतं का ते मोजा. त्याच्या मागे आणि बाजूला हवा ओढायला फूटभर मोकळं ठेवा, कपडे वाळवायची दोरी तिथे बांधू नका. आणि हवा जाण्याचा रस्ता नकाशावर पेन्सिलने काढा. ताईच्या घरी तो हॉलमधून स्वयंपाकघराच्या खिडकीकडे आणि पॅसेजमधून बेडरूमच्या खिडकीकडे जातो, म्हणजे माणसांच्या वाटेवरूनच. त्या वाटेत उंच कपाट ठेवलं असतं तर वाराही अडला असता.

टेप घेऊन प्रत्यक्ष जागेवर

कागदावर बसलं म्हणजे झालं असं नाही. चावी मिळण्याआधी एकदा जागेवर जाऊन प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी दोन-तीन ठिकाणी मोजा. नकाशातलं माप बरेचदा विटांच्या भिंतींमधलं असतं, त्यावर प्लास्टर चढतं. खाली फरशीची स्कर्टिंग अर्धा इंच पुढे येते, म्हणून आलमारी भिंतीला कधीच पूर्ण टेकत नाही. ताईचा हॉल १५ बाय १० ऐवजी १४ फूट १० इंच बाय ९ फूट १० इंच निघाला. कमी पडलेले दोन-दोन इंच वाटेतून घेऊ नका, सामानाच्या तुकड्यातून घ्या. आमचा तुकडा आठ फूट दहा इंच बाय सहा फूट दहा इंच झाला, तरी ठरलेलं सामान त्यात बसलं. स्विचबोर्ड कुठे आहेत तेही तेव्हाच नकाशावर मांडा, नाही तर नेमका कूलरचा पॉइंट आलमारीमागे जातो.

अंगणातला फ्लॅट

गावात घर असणाऱ्यांकडे एक गोष्ट असते जी शहरात कोणाकडे नसते, मोठं अंगण. आम्ही तिथे अख्खा हॉल खऱ्या मापाने आखला. एक बाजू सुतळीने सरळ धरली. काटकोनासाठी कोपऱ्यापासून एका बाजूला सहा फुटांवर खूण, दुसऱ्या बाजूला आठ फुटांवर खूण, आणि दोन खुणांमधलं अंतर बरोबर दहा फूट येईपर्यंत दुसरी सुतळी सरकवली. गवंडी गुण्या नसला की असंच करतात. चारी कोपरे झाल्यावर दोन्ही कर्ण मोजले, दोन्ही साधारण सतरा फूट साडेनऊ इंच आले, म्हणजे चौकोन तिरपा नाही. मग सुतळीवरून फक्की टाकली आणि दारांच्या जागा मोकळ्या सोडल्या. घरातलाच सोफा, खुर्ची आणि टीपॉय उचलून आत ठेवले.

मावशी वॉकर घेऊन मुख्य दाराच्या खुणेतून आत आल्या. दक्षिणेच्या वाटेने सरळ गेल्या. पण स्वयंपाकघराजवळ पॅसेजकडे वळताना वॉकरचा पाय खुर्चीच्या मागच्या पायाला अडकला. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "इथून जाता येते बापा, पण वळता येत नाही. मले मागं सरकावं लागते." कागदावर तीन फूट बरोबर होते. पण आम्ही खुर्ची तुकड्याच्या पार कोपऱ्यापर्यंत आणली होती, आणि वॉकरसकट वळणाऱ्या माणसाला सरळ चालण्यापेक्षा जास्त जागा लागते. खुर्ची सोफ्याच्या बाजूला चौदा इंच सरकवली. वळणाचा कोपरा मोकळा झाला आणि मावशी न थांबता पॅसेजच्या खुणेपर्यंत गेल्या. हे कागदावर मला दिसलं नव्हतं.

अंगण नसेल तर फ्लॅटच्याच फरशीवर खडूने आखा आणि वर्तमानपत्रं पसरून सामान समजा. पण चालणारं माणूस खरं घ्या, शक्यतो घरातलं सगळ्यांत हळू चालणारं.

जिना आणि उतरवण्याचा क्रम

शेवटी सामान वर कसं जाईल ते पाहा. तुकडे पॅसेजच्या वळणावरूनही फिरवून पाहा. ताईचा दिवाण कुशीवर धरला तर सहा फूट लांब आणि सोळा इंच जाड. तीन फुटी पॅसेजमधून एकतीस इंची दारात वळवताना तो भिंतीला अडत होता. तोच टोकावर उभा केला तर जमिनीवर तीन फूट बाय सोळा इंचच जागा घेतो, सात फुटी दारातून सहज जातो. हमालांना हे आधी सांगितलं तर प्लास्टर वाचतं. आलमारी आतले कप्पे आणि लॉकर रिकामं करून न्या. जिन्याच्या चौकातही तिची ७८ इंच लांबी वळते का ते मोजा.

दारात नकाशाची मोठी प्रत चिकटवा, प्रत्येक वस्तूवर खोलीचं नाव लिहिलेली चिठ्ठी लावा, आणि टेम्पो भरताना जी वस्तू सगळ्यांत आत जायची ती शेवटी चढवा, म्हणजे ती पहिली उतरेल. ताईकडे आधी बेडरूमची आलमारी गेली, मग पलंग, मग मावशींचा दिवाण, आणि सोफा अगदी शेवटी, कारण तो आधी आत आला असता तर पांदणीतच पडला असता.